स्लॉटचं प्रकरण: ७ जुलैनंतरच्या कामांची नोंदवही

८ जुलै २०२५, मंगळवार

काल सकाळी ११:०२ ते १२:२७ सिस्टीम बंद होती. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातले आपले अडते त्या वेळी शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढत असतात. त्यांनी जुनी कार्बनची पुस्तकं बाहेर काढली आणि हाताने पट्ट्या लिहिल्या. दुपारी त्या सगळ्या पुन्हा सिस्टीममध्ये भराव्या लागल्या. एका अडत्याने फोनवर एवढंच विचारलं, "मॅडम, पुस्तकं परत माळ्यावर टाकू का जवळच ठेवू?" त्याला उत्तर देता यावं म्हणून ही वही.

झालं ते थोडक्यात असं. शुक्रवारी ४ तारखेला संध्याकाळी सहाला डेटा टीमने डेबेझियम, म्हणजे डेटाबेसमधले बदल वाचून पुढे पाठवणारं सॉफ्टवेअर, बंद केलं, कारण रिपोर्टचा तो प्रयोग संपला होता. डेबेझियम बंद झालं तरी पोस्टग्रेसमधला त्याचा रेप्लिकेशन स्लॉट आपोआप जात नाही, `slot.drop.on.stop` मुळातच `false` असतं. स्लॉट म्हणजे डेटाबेसने दिलेला शब्द: "तू वाचेपर्यंत मी वॉल फायली, म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदी, टाकून देणार नाही." वाचणारा गेला, शब्द राहिला. आपल्याकडे तासाला सरासरी २ जीबी वॉल तयार होते, म्हणजे १६ एमबीच्या १२८ फायली. २५० जीबीच्या डिस्कवर शुक्रवारी १३० जीबी जागा मोकळी होती. १३० भागिले २ म्हणजे ६५ तास, आणि शुक्रवारी सहानंतर ६५ तासांनी सोमवारचे सकाळचे अकरा वाजतात. गणित इतकं सरळ होतं की बघून वाईट वाटलं.

डिस्क ९० टक्के भरल्याचा इशारा गेला होता. रविवारी रात्री साडेदहाला, आषाढीच्या दिवशी, एका ईमेल गटावर. तो आम्ही सोमवारी बंद पडल्यावर वाचला.

सलीलने डिस्क ५० जीबीने वाढवली, फाइल सिस्टीम मोठी केली, डेटाबेस सुरू झाल्यावर स्लॉट काढला आणि चेकपॉइंट दिला. दोन मिनिटांत शंभरेक जीबी मोकळे झाले. मधल्या धावपळीत कुणीतरी `pg_wal` मधल्या जुन्या फायली हाताने उडवायला निघालं होतं, त्याला वेळेत थांबवलं. त्या उडवल्या असत्या तर बंद राहण्याचा काळ तासांत नाही, दिवसांत मोजावा लागला असता.

१० जुलै, गुरुवार

आढावा बैठक झाली. कामं निघाली अकरा. सर म्हणाले, "छान, कसून विचार केलाय." मला मात्र मार्चमधली बैठक आठवली. तेव्हा नऊ निघाली होती आणि काल शोधली तर त्यातली सहा अजून उघडीच होती. त्यातलं एक होतं "डिस्कचे इशारे सुधारणे". ते कुणाच्याच नावावर नव्हतं, "बॅकएंड टीम" असं लिहिलेलं. ते झालं असतं तर सोमवार झाला नसता. बैठकीत हे मी बोलले. थोडी शांतता पसरली, पण बोलणं गरजेचं होतं.

मग अकरातून चार ठेवली. कापली ती अशी: "बंद करताना सर्वांनी काळजी घ्यावी" हे काम नव्हे, कारण ते कधी संपलं हे कोणीच सांगू शकत नाही. "डिस्क मोठी करणे" झालंच आहे, आणि आमच्या क्लाउडवर वाढवलेली डिस्क परत लहान करता येत नाही, म्हणून ३०० जीबीच राहणार. उरलेल्या पाचांपुढे "करणार नाही" लिहून शेजारी कारण आणि सरांची सही. कुणी सहा महिन्यांनी विचारलं तर विसरलो म्हणून नाही, ठरवून सोडलं एवढं तरी कळेल.

राहिलेली चार:

पहिलं, स्लॉटने धरून ठेवायच्या वॉलला मर्यादा. सलील, १८ जुलै.
दुसरं, स्लॉट मागे पडला की ड्यूटीवरच्या माणसाचा फोन वाजला पाहिजे. मृणाल, २५ जुलै.
तिसरं, प्रत्येक स्लॉट कुणाचा याची यादी, आणि एखादी सेवा बंद करण्याच्या पायऱ्यांत "स्लॉट काढा" ही पायरी. डेटा टीमचा ओंकार, १ ऑगस्ट.
चौथं, डिस्क ९० टक्क्यांचा इशारा ईमेलवरून फोनवर. मी, ११ जुलै.

तारखा मी ठरवल्या नाहीत, ज्याने त्याने दिल्या. ओंकारला विचारलं तेव्हा तो आधी "लवकरच" म्हणाला, मग "पुढच्या महिन्यात", आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर १ ऑगस्ट. प्रत्येक कामापुढे आणखी एक रकाना आहे, "झालं हे कसं दिसेल", आणि ते बघणारा माणूस काम करणाऱ्याहून वेगळा. तारीख एकदा पुढे नेता येईल, कारण लिहून. दुसऱ्यांदा न्यायची असेल तर सरांकडे जायचं आणि त्यांनी ठरवायचं: माणूस द्यायचा, की "करणार नाही" लिहून सही करायची.

चारही कामं नेहमीच्या पंधरवड्याच्या नियोजनात टाकली, तासांच्या अंदाजासकट. मार्चची सहा कामं वेगळ्या पानावर होती आणि त्या पानाकडे कोणी फिरकलंच नाही.

११ जुलै, शुक्रवार

चौथं काम झालं. मृणालने तपासलं: चाचणी सर्व्हरवर मोठी फाइल तयार करून डिस्क ९१ टक्क्यांवर नेली, फोन वाजला. फार सांगण्यासारखं काही नाही.

१५ जुलै, मंगळवार

मर्यादा किती ठेवायची यावर सलील आणि ओंकारची खडाजंगी. पोस्टग्रेस १३ पासून `max_slot_wal_keep_size` आहे. मुळात ती `-1` असते, म्हणजे मर्यादाच नाही. मर्यादा घातली आणि स्लॉट तिच्यापलीकडे मागे पडला की डेटाबेस वॉल टाकून देतो आणि स्लॉट "lost" होतो. डेटाबेस वाचतो, पण वाचणाऱ्याला सगळा डेटा पहिल्यापासून उचलावा लागतो.

सलीलला ३० जीबी हवे होते. ओंकार म्हणाला, "अरे, ३० म्हणजे पंधरा तास. शनिवारी पहाटे आमचं काही बंद पडलं तर संध्याकाळपर्यंत स्लॉट गेलेला, आणि पुन्हा सगळं उचलायला अर्धा दिवस. तुझा डेटाबेस वाचेल रे, माझा सोमवार जाईल." दोघांचंही बरोबर होतं. शेवटी ८० जीबी ठरलं, म्हणजे ४० तास. मूळ वापर १२० अधिक ८० असे २०० जीबी होतात, ३०० च्या डिस्कवर पुरेशी फट राहते. मर्यादा चेकपॉइंटच्या वेळीच तपासली जाते, म्हणून थोडं वर जाणार हे धरूनच चालायचं. मला आधी वाटलं होतं तीन स्लॉट म्हणजे २४० जीबी लागतील. तसं नाही. वॉल सगळ्यांची एकच, सर्वांत मागे असलेला स्लॉट जिथे उभा आहे तिथपासून पुढची राहते.

१८ जुलै, शुक्रवार

सलीलने काम बंद करायला पाठवलं. शेजारी लिहिलं: "बदल मर्ज झाला, प्लेबुक चालवलं." तपासणारी मी होते. "कसं दिसेल" या रकान्यात आम्ही मर्ज लिहिलंच नव्हतं, "मुख्य डेटाबेसवर विचारल्यावर ८० जीबी उत्तर यावं" असं लिहिलं होतं. म्हणून विचारलं.

```sql
SHOW max_slot_wal_keep_size;
```

उत्तर आलं `-1`.

सलील म्हणाला, रीलोड राहिला असेल. ही सेटिंग बदलायला रीस्टार्ट लागत नाही, रीलोड पुरतो. रीलोड दिला. पुन्हा `-1`. मग तो खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला.

```sql
SELECT setting, unit, sourcefile
FROM pg_settings
WHERE name = 'max_slot_wal_keep_size';
```

`sourcefile` मध्ये `postgresql.auto.conf` चं नाव. गेल्या वर्षीच्या स्थलांतरात कुणीतरी, कॉपी चालू असताना स्लॉट तुटू नये म्हणून, `ALTER SYSTEM` ने मुद्दाम `-1` लिहून ठेवलं होतं. `ALTER SYSTEM` चं लिहिलेलं त्या फायलीत जातं आणि ती फाइल `postgresql.conf` च्या नंतर वाचली जाते. त्यामुळे आम्ही मूळ फायलीत काहीही लिहिलं असतं तरी जिंकणार होती तीच.

"कुणीतरी म्हणजे मीच असणार," सलील म्हणाला. हिस्ट्री बघितली. तोच होता. चहा त्याच्याकडून.

```sql
ALTER SYSTEM RESET max_slot_wal_keep_size;
SELECT pg_reload_conf();
```

आता `80GB`. पण मग शंका आली की असं आणखी कोणी, आणखी कधी करेल. म्हणून रोज सकाळी सातला हा प्रश्न डेटाबेसला विचारून ८० जीबी नसेल तर ओरडणारी छोटी स्क्रिप्ट सलीलने लिहिली. ती पंधरा मिनिटांत झाली म्हणून आजच घेतली, नाहीतर तिलाही नाव आणि तारीख दिली असती.

काम बंद. मर्जवर विश्वास ठेवून बंद केलं असतं तर कागदावर मर्यादा ८० आणि प्रत्यक्षात अमर्याद, असं पुढच्या सोमवारपर्यंत चाललं असतं.

२४ जुलै, गुरुवार

मृणालचा इशारा तयार आहे. ती आकडा असा काढते:

```sql
SELECT slot_name, active, wal_status,
  pg_size_pretty(pg_wal_lsn_diff(
    pg_current_wal_lsn(), restart_lsn)) AS held
FROM pg_replication_slots;
```

१० जीबीच्या वर गेलं आणि १५ मिनिटं तसंच राहिलं की फोन. १० जीबी म्हणजे पाच तासांचा खोळंबा. मर्यादा ४० तासांवर आहे, म्हणजे जागं होऊन विचार करायला ३५ तास हातात राहतात.

तपासणारा सलील. त्याने चाचणी सर्व्हरवर एक रिकामा स्लॉट तयार केला, `pgbench` ने भरपूर लिहिलं, इशारा काही आला नाही. मृणालने दोन तास आपल्या नियमातली चूक शोधली. चूक नियमात नव्हती. `pg_create_physical_replication_slot` ला फक्त नाव दिलं तर स्लॉट तयार होतो, पण कुणी जोडलं जाईपर्यंत वॉल धरूनच ठेवत नाही. वॉल कुठून धरायची हे सांगणारं `restart_lsn` रिकामं असतं. नावानंतर दुसरा पॅरामीटर म्हणून `true` द्यावा लागतो.

```sql
SELECT pg_create_physical_replication_slot('alarm_test', true);
```

आता स्क्रीनवर इशारा लाल झाला. पण फोन वाजला नाही, कारण डिस्कचा इशारा सोडून चाचणी सर्व्हरचे बाकी इशारे फोनवर पाठवायचेच नाहीत असं आम्हीच कधीतरी ठरवलंय. म्हणजे या इशाऱ्याचा फोन वाजल्याचं चाचणी सर्व्हरवर सिद्ध होऊच शकत नाही. मृणालने तारीख एकदा पुढे नेली: ५ ऑगस्ट. कारण लिहिलं, "खऱ्या डेटाबेसवर वाजवून बघणार".

१ ऑगस्ट, शुक्रवार

ओंकारचं काम झालं नाही. यादी अर्धी आहे, पायऱ्यांचं पान कोरं. नवीन तारीख २२ ऑगस्ट. कारण: "तिमाहीचे रिपोर्ट". लिहून घेतलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी तीनला, यार्डातली गर्दी ओसरल्यावर, खऱ्या डेटाबेसवर चाचणी. सरांना आधी सांगितलं होतं आणि मदत कक्षालाही. इशाऱ्याची पातळी तात्पुरती १० जीबीवरून १०० एमबीवर आणली. ८० जीबीची मर्यादा आता खरोखर लागू असल्याने स्लॉट विसरला तरी डिस्क भरणार नाही, हा धीर होता. पहिलं काम आधी संपवण्याचा हाही एक फायदा.

३:१० ला स्लॉट तयार केला. मृणालने ड्यूटीचा फोन टेबलावर मधोमध ठेवला आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलो. चहावाल्या काकांना वाटलं काहीतरी निकाल लागतोय. तीन मिनिटांत १०० एमबी पार झाले, मग पंधरा मिनिटांची वाट. ३:३१ ला वाजला. मेसेजमध्ये स्लॉटचं नाव आणि किती जीबी अडकलंय, दोन्ही होतं.

लगेच `pg_drop_replication_slot('alarm_test')`, पातळी परत १० जीबीवर, आणि ती परत आल्याचं सलीलने वेगळं बघितलं. चाचणीत खाली आणलेला आकडा तसाच राहिला असता तर पहिल्या आठवड्यातच सगळ्यांनी इशारा म्यूट केला असता.

दुसरं काम बंद.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या ओंकारची तारीख. आज विचारलं, कारण तारीख उलटल्यावर विचारणं म्हणजे भांडण, आदल्या दिवशी विचारणं म्हणजे चौकशी. यादी पूर्ण आहे. पायऱ्या नाहीत. तो म्हणाला, "गणपतीनंतर करतो ना. २७ ला बसतायत, गौरीत मी गावाला." दुसऱ्यांदा पुढे जाणार, म्हणजे सरांकडे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सरांसमोर पंधरा मिनिटं. मला वाटलं होतं ओंकारला ओरडा बसेल. सरांनी उलट विचारलं, "पायऱ्या लिहायला किती वेळ?" ओंकार म्हणाला दोन तास. "मग सहा आठवड्यांत दोन तास का मिळाले नाहीत?" तेव्हा कळलं की डेटा टीमच्या नियोजनात हे काम नव्हतंच. आम्ही ते आपल्या नियोजनात टाकलं होतं, त्यांच्या नाही. नाव त्याचं, पण त्याच्या साहेबांना माहीत नाही. ही चूक माझी. दुसऱ्या टीमच्या माणसाच्या नावावर काम टाकताना त्या टीमच्या बोर्डावर ते दिसतंय का हे मी बघायला हवं होतं.

सरांनी तिथेच त्यांच्या साहेबांना फोन लावला. सोमवारी सकाळचे दोन तास मोकळे केले.

२६ ऑगस्ट, मंगळवार

पायऱ्या आल्या. मृणालने तपासणी म्हणून चाचणी सर्व्हरवरची एक जुनी सेवा, फक्त ते पान हातात घेऊन, ओंकारला काहीही न विचारता बंद केली. पाचव्या पायरीला अडली: स्लॉट वापरात असताना काढता येत नाही, आणि पानात स्लॉट काढणं, त्यावरून वाचणारा कनेक्टर थांबवण्याच्या आधी लिहिलं होतं. क्रम बदलला, पुन्हा केलं, झालं. तिसरं काम बंद. उद्या गणपती.

११ सप्टेंबर, गुरुवार

विसर्जनानंतरची पहिली बैठक. चारही बंद. ही वही मी मिटणार नाही, ७ ऑक्टोबरला, म्हणजे तीन महिन्यांनी, चारही तपासण्या पुन्हा करायच्या असं ठरलं. पुन्हा माझ्या नावावर.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

७ तारखेची वाट बघावी लागली नाही.

बुधवारी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी साडेसहाला दुसराच एक कनेक्टर मेला. हा स्टॉकच्या शोधासाठीचा. प्रमाणपत्राची मुदत संपली होती. रात्री ११:४७ ला मृणालचा फोन वाजला. ती घरी झेंडूची तोरणं ओवत बसली होती. स्लॉटचं नाव मेसेजमध्येच होतं, `wal_status` बघितलं, ठीक होतं. यादीत नाव ओंकारचं. बारा वाजून पाच मिनिटांनी तिने त्याला उठवलं.

"अगं, ते माझ्याकडे नाहीये आता. मी पंधरा सप्टेंबरपासून दुसऱ्या टीमला."

"मग कुणाकडे आहे?"

"ते... तसं दिलेलं नाही कुणाला."

मृणालने मग जे केलं ते मला फार आवडलं: काहीच केलं नाही. ८० जीबीची मर्यादा, तासाला २ जीबी. शुक्रवारी सकाळपर्यंत स्लॉट तुटत नाही आणि डिस्क तर भरतच नाही. मध्यरात्री घाईने स्लॉट काढला असता तर शोधाचा सगळा डेटा पुन्हा उचलावा लागला असता. तिने तसं लिहून ठेवलं, सकाळचा गजर लावला आणि झोपली. दसऱ्याच्या सकाळी नऊला ओंकारनेच, जुन्या टीमच्या एका मुलीला फोनवर घेऊन, प्रमाणपत्र बदललं. तोवर २९ जीबी अडकली होती. पाऊण तासात स्लॉट जागेवर आला. अडत्यांना काही कळलं नाही.

नवीन काम पाचवं: स्लॉटच्या यादीतलं नाव सध्याच्या ड्यूटीच्या यादीत नसेल तर सकाळी सातच्या स्क्रिप्टने सांगावं. मी, १६ ऑक्टोबर. तपासणार सलील.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सलीलने यादीत एका स्लॉटपुढे मुद्दाम चुकीचं नाव घातलं आणि स्क्रिप्ट हाताने चालवली. एक ओळ येणार होती, आल्या दोन. दुसरी त्याने घातलेली नव्हती. जूनमध्ये नोकरी सोडून गेलेल्या एकाचं नाव तिथे अजून होतं, ओंकारने जुन्या कागदावरून उतरवलेलं. तो स्लॉट आता मृणालच्या नावावर आहे, तिने हो म्हटल्यावर.

पाचवं बंद. उद्या वसुबारस आहे, सलील साडेचारलाच निघाला.